शाळकरी मुलांच्या ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्या आणि पोटदुखी: पॅटर्न कसा ओळखायचा, तपासण्या कुठे थांबवायच्या

तिसरीतली एक मुलगी घेऊ. वय आठ, वजन 22 किलो. वर्षभरात पाच वेळा पहाटे उठून तिने उलट्या सुरू केल्या आणि त्यातल्या चार वेळा तिला ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. दर वेळी दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत होऊन घरी आली. मधल्या काळात शाळा, खेळ, जेवण, वजन, सगळं व्यवस्थित. फाईलमध्ये मात्र चार सोनोग्राफी, तीन विडाल, दोनदा टायफॉइड म्हणून दिलेली अँटिबायोटिक्स, जंताची औषधं आणि ‘पोटात गाठी आहेत, टीबीचं औषध सुरू करावं का?’ असा एका चिठ्ठीवरचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपीची तारीख ठरलेली.

ही मुलगी मी इथे अनेक मुलांच्या इतिहासातून जोडून उभी केली आहे, पण अशी फाईल बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर नेहमी येते. तिच्यातला प्रत्येक कागद त्या त्या दिवशी कोणीतरी काळजीपोटीच लिहिलेला असतो. अडचण अशी की प्रत्येक डॉक्टरने एकच अटॅक पाहिलेला असतो. पाचही अटॅक एकापुढे एक मांडून बघायला कोणी बसलेलं नसतं, आणि निदान त्या मांडणीतच असतं. म्हणून हा लेख मुख्यतः ती मांडणी कशी करायची आणि त्यानंतर तपासण्यांचं काय करायचं, याबद्दल आहे.

दोन आजार, एकच घराणं

ठरावीक काळाने उलट्यांचे जोरदार अटॅक येतात त्या आजाराला सायक्लिकल व्हॉमिटिंग सिंड्रोम म्हणतात. सॅम्युअल गी या लंडनच्या डॉक्टरांनी 1882 साली अशा नऊ मुलांचं वर्णन लिहून ठेवलं आहे आणि ते वाचताना आजचीच मुलं डोळ्यांपुढे येतात. दुसऱ्या आजारात उलटीपेक्षा पोटात येणारी कळ जास्त त्रास देते. बेंबीभोवती किंवा मधोमध तासन्‌तास दुखत राहतं, मूल पांढरंफट्ट पडतं, जेवणाचं नावही नको असतं. याला ॲब्डॉमिनल मायग्रेन, म्हणजे पोटातली अर्धशिशी म्हणतात. दोन्ही आजार मायग्रेनच्या कुटुंबातले आहेत. या मुलांच्या घरात मायग्रेन जास्त आढळतो, मायग्रेनवरची औषधं यांनाही लागू पडतात आणि मोठेपणी यांच्यातल्या बऱ्याच जणांना डोकेदुखीचा नेहमीचा मायग्रेन सुरू होतो.

ही दुखणी दुर्मीळ नाहीत. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरात 5 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. 1995 साली ती प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे 2 टक्के मुलांना असे उलट्यांचे अटॅक आणि सुमारे 4 टक्के मुलांना ॲब्डॉमिनल मायग्रेन आढळला. म्हणजे दोन-तीन वर्गांच्या शाळेतही असं एखादं मूल असणार.

डॉक्टर निदानासाठी ज्या अटी लावतात त्या साध्या शब्दांत अशा. उलट्यांच्या आजारात अटॅक किमान तासभर आणि जास्तीत जास्त दहा दिवस चालतो, बहुतेक वेळा एक ते दोन दिवसांत संपतो. जोर असतो तेव्हा तासाला चार किंवा जास्त उलट्या होतात. दोन अटॅकमध्ये किमान आठवडा जातो, सहसा काही आठवडे किंवा महिने. एकूण पाच अटॅक झालेले असावेत किंवा सहा महिन्यांत तीन. पोटाच्या मायग्रेनमध्ये कळ तासाहून जास्त टिकते, इतकी असते की मूल खेळ सोडून आडवं होतं, आणि तिच्यासोबत भूक मरणं, मळमळ, उलटी, डोकेदुखी, उजेड नकोसा होणं, चेहरा फिका पडणं यांपैकी किमान दोन गोष्टी असतात. निदान पक्कं करण्याआधी हे सहा महिने तरी चाललेलं असावं लागतं.

दोन्हींना लागू असणाऱ्या अटी दोन आहेत आणि त्याच सर्वांत महत्त्वाच्या. एक, त्या मुलाचा प्रत्येक अटॅक आधीच्या अटॅकसारखाच असतो. दोन, मधल्या काळात मूल पूर्ण बरं असतं. रोज सकाळी शाळेच्या वेळेला दुखणारं पोट, जेवणानंतर रोज होणारी जळजळ, आठवड्यातून चार दिवस होणारी एखाद-दुसरी उलटी या अटींत बसत नाही. त्यामागची कारणं वेगळी असतात आणि त्यांच्यासाठी हा लेख उपयोगाचा नाही.

पहिली पायरी: जुने अटॅक कागदावर आणा

कोणतीही नवी तपासणी करण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि मागच्या वर्षभराचे अटॅक लिहून काढा. आठवणीवर विसंबू नका. डिस्चार्ज कार्डं, मेडिकलची बिलं, शाळेतली गैरहजेरी, वर्गशिक्षिकेला पाठवलेले रजेचे मेसेज आणि फोनमधले त्या दिवसांचे फोटो यांवरून तारखा सापडतात. फोटो मुद्दाम बघा, कारण अटॅकच्या आदल्या दिवशी घरात काय चाललं होतं ते त्यात दिसतं.

प्रत्येक अटॅकसाठी मोजक्या गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झाला, पहिलं लक्षण काय होतं, सर्वांत वाईट तासात किती उलट्या झाल्या, पहिल्या उलटीचा रंग, जुलाब किंवा ताप होता का, घरात आणखी कोणी आजारी होतं का, किती वेळाने मुलाने स्वतःहून खायला मागितलं, आणि आदल्या दोन दिवसांतली झोप, जेवण, प्रवास, धावपळ.

आपल्या मुलीचा कागद असा तयार झाला:

गणपती विसर्जनानंतरचा दिवस. पहाटे 4. आधी पांढरी पडली, लाळ गिळेना. तासाला पाच उलट्या. ताप, जुलाब नाही. रात्री 11 ला तूपभात मागितला.

दिवाळीत गावाला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी. पहाटे 5. रात्रभर गाडीचा प्रवास झाला होता. तासाला चार-पाच. साधारण 20 तास.

शाळेच्या गॅदरिंगनंतरचा दिवस. पहाटे साडेचार. तासाला पाच. 18 तास.

मावशीचं लग्न, हळदीच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे 4. सहा उलट्या तासाला. 22 तास.

एप्रिल, सर्दी-तापातून उठल्यावर तीन दिवसांनी. पहाटे 5. तासाला चार. 19 तास.

एवढं समोर आल्यावर फार शोधाशोध उरत नाही. वेळ तीच, सुरुवात तीच, मुदत तीच. पाचपैकी चार वेळा आदल्या रात्री जागरण आणि मोठी धामधूम. आनंदाची उत्तेजनासुद्धा या मुलांत अटॅक आणते, हे पालकांना पटायला वेळ लागतो. ‘परीक्षेचं टेन्शन नव्हतं हो, उलट खूश होती’ असं आई सांगते, आणि तीच माहिती निदानाच्या बाजूची असते.

पॅटर्न ओळखताना गॅस्ट्रोशी तुलना करून बघा. पोटाच्या संसर्गात उलट्या होतात, पण तासाला चार-पाच या वेगाने तासन्‌तास सहसा होत नाहीत. एक-दोन दिवसांत जुलाब लागतात आणि बऱ्याचदा घरात किंवा वर्गात आणखी कोणी तरी आजारी असतं. पाच वेळा गॅस्ट्रो झाला आणि एकदाही जुलाब झाले नाहीत, तर त्या निदानाकडे पुन्हा बघायला हवं.

अटॅकमध्ये मूल कसं वागतं तेही लिहा, कारण यावरून गैरसमज होतात. ते निपचित पडून राहतं, हाकेला उत्तर देत नाही, लाळ गिळत नाही, थुंकत राहतं. काही मुलं घटाघट पाणी पितात आणि लगेच ओकतात. पोटातला जळजळीत रस पातळ होऊन उलटी सोपी व्हावी म्हणून ती तसं करतात. घोट घोट प्यायला सांगूनही ऐकत नाहीत म्हणून त्यांना रागावलं जातं, नाटक करतात असंही म्हटलं जातं. मळमळच इतकी असते की उलटी झाल्यावरही सुटका होत नाही. उमासे येतच राहतात.

आणि घरातला इतिहास विचारताना नुसतं ‘कोणाला मायग्रेन आहे का?’ असं विचारू नका. आपल्याकडे बरेच जण त्याला पित्त म्हणतात. आई, मावशी, आजी यांना विचारा: उन्हातून आल्यावर किंवा उपाशी राहिल्यावर डोकं दुखतं का, उजेड नकोसा होतो का, उलटी होऊन झोप लागली की मोकळं वाटतं का? आपल्या मुलीच्या आईने ‘मायग्रेन नाही’ असं चार दवाखान्यांत सांगितलं होतं. पित्ताचा त्रास मात्र कॉलेजपासून होता, महिन्यातून एकदा, नेहमी डोक्याच्या एकाच बाजूला.

दुसरी पायरी: पॅटर्न बसला तरी हे आधी तपासून घ्या

पॅटर्न बसला म्हणून डोळे मिटून निर्धास्त व्हायचं नाही. काही गंभीर आजार येऊन-जाऊन त्रास देतात आणि याच वेषात येतात.

हिरवी उलटी पहिली. खूप वेळ ओकल्यावर शेवटी पिवळसर-हिरवं पित्त पडणं या आजारातही होतं. पण सुरुवातीच्याच उलट्या गडद हिरव्या असतील तर आतडं पिळलं जात नाही ना, हे लगेच बघावं लागतं. काही मुलांची आतडी जन्मतःच पोटात नीट वळलेली नसतात. अशी आतडी मधूनच पिळतात आणि आपोआप सुटतात, म्हणून मधल्या काळात मूल बरं दिसतं. एखाद्या वेळी ती सुटत नाहीत, आणि तेव्हा हातात तासच असतात. अशा वेळी मध्यरात्रीसुद्धा सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जायचं.

एका बाजूचं दुखणं ही दुसरी गोष्ट. कुशीत किंवा कमरेच्या वर एका बाजूला कळ येत असेल तर मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडथळा असू शकतो. उजव्या खालच्या बाजूला सरकत जाणारं, हात लावू न देणारं, तापासोबतचं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं. मुलगा असेल तर पोटदुखी आणि उलटीच्या प्रत्येक अटॅकमध्ये चड्डी काढून वृषण बघायलाच हवेत. वृषण पिळला गेला तर मुलगा लाजून फक्त ‘पोट दुखतंय’ म्हणतो आणि वाचवायला मोजकेच तास असतात.

डोक्याकडून येणाऱ्या उलट्या वेगळ्या चालीच्या असतात. त्याही पहाटेच येतात, म्हणून घोळ होतो. पण मेंदूतल्या गाठीच्या उलट्या आठवड्यागणिक वाढत जातात, मधले दिवस पूर्ण चांगले जात नाहीत, झोपून उठल्यावर डोकं दुखतं, चाल डगमगते, नजर तिरकी होते किंवा दोन-दोन दिसायला लागतं, अक्षर अचानक बिघडतं. यातलं काहीही असेल तर मेंदूचा एमआरआय ताबडतोब.

मूल उलट्यांच्या मानाने जास्तच गुंगीत असेल, भ्रमिष्टासारखं बोलत असेल, अटॅक मांसाहाराच्या किंवा डाळी-पनीरच्या भरपूर जेवणानंतर, उपवासानंतर किंवा प्रत्येक तापानंतर येत असतील, किंवा हा त्रास दोन वर्षांच्या आतच सुरू झाला असेल, तर शरीरातल्या रसायनांच्या जन्मजात बिघाडाची तपासणी करावी लागते. आणि खूप तहान, वारंवार लघवी, वजनात घट आणि जोरात चालणारा श्वास असेल तर आधी ग्लुकोमीटरने साखर. मधुमेहाची पहिली ओळख मुलांमध्ये अनेकदा उलट्या आणि पोटदुखीनेच होते.

वजन घटणं, उंची खुंटणं, शौचातून रक्त, रेंगाळणारा बारीक ताप यांपैकी काही असेल तर तो हा आजार नव्हे असं समजून पुढचा शोध घ्यायचा.

तिसरी पायरी: तपासण्या एकदाच, पण योग्य वेळी

या मुलांच्या तपासण्यांमध्ये दोन चुका एकत्र होतात. त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा होतात, आणि त्याही चुकीच्या वेळी. अटॅक संपल्यावर शांत पोटाची सोनोग्राफी दहा वेळा केली तरी ती दहा वेळा तेच सांगणार.

उलट्यांच्या प्रत्येक मुलाची एकदा करावी अशी तपासणी म्हणजे तोंडाने औषध पाजून काढलेले जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचे एक्स-रे, म्हणजे बेरियम किंवा कॉन्ट्रास्ट स्टडी. आतडी जागच्या जागी वळली आहेत का, हे त्यात दिसतं. शांत काळातही ती करता येते. नॉर्मल आली की तो प्रश्न मिटला. पुढच्या अटॅकला ती पुन्हा करायची नाही.

बाकीच्या तपासण्या अटॅक चालू असताना करायच्या असतात, आणि रक्त-लघवी सलाईन लावायच्या आधी घ्यायची असते. हे वाक्य पालकांनी पाठच करावं. ग्लुकोजचं सलाईन अर्धा तास गेलं की रक्तातली साखर आणि लघवीतले कीटोन बदलतात आणि काय होतं ते कळत नाही. पहिल्या अटॅकच्या नमुन्यात साखर, सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवीतले कीटोन आणि साखर, आणि पोटदुखी असेल तर लायपेज असावं. लायपेज स्वादुपिंडाच्या सुजेसाठी. वर सांगितलेली गुंगी किंवा इतर खुणा असतील तर त्याच वेळी अमोनिया आणि लॅक्टेट. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला जावा लागतो. रात्री रक्त घेऊन सकाळी पाठवलं तर आकडा खोटाच वाढलेला येतो आणि मग घबराट होते. म्हणून ती सोय असलेल्या ठिकाणीच करावी.

सोनोग्राफीसुद्धा एकदा दुखत असताना करावी. मूत्रपिंडाच्या तोंडाशी अधूनमधून अडथळा येत असेल तर कळ चालू असतानाच मूत्रपिंड फुगलेलं दिसतं. चार दिवसांनी सगळं नॉर्मल.

आपल्या मुलीचा सहावा अटॅक आला तेव्हा हेच केलं. साखर 68, लघवीत कीटोन भरपूर, सोडियम-पोटॅशियम ठीक, लायपेज ठीक, दुखत असताना दोन्ही मूत्रपिंडं नॉर्मल. कॉन्ट्रास्ट स्टडी आधीच नॉर्मल आली होती. उपाशीपोटी ओकणाऱ्या मुलात कीटोन येणारच, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. एंडोस्कोपी रद्द झाली.

आता त्या फाईलमधल्या कागदांबद्दल. यांनीच सर्वांत जास्त नुकसान होतं म्हणून जरा सविस्तर.

‘पोटात गाठी’ हा सोनोग्राफीतला शब्द पालकांची झोप उडवतो. आतड्याच्या आवरणातल्या लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, प्रत्येक निरोगी मुलात असतात. मशीन चांगलं आणि मूल बारीक असेल तर त्या हमखास दिसतात. आडवं माप 8 मिलिमीटरच्या आत, आकार लांबट, आत पू किंवा गुठळी नाही, तर त्या गाठींना आजार म्हणायचं कारण नाही. आपल्या मुलीच्या चारही रिपोर्टमध्ये 6 ते 7 मिलिमीटर लिहिलं होतं, आणि अटॅक नसतानाही तेवढंच. टीबीचं मूल दोन अटॅकच्या मध्ये दोन-दोन महिने धावत-पळत नाही, त्याचं वजन वाढत नाही. ट्यूबरक्युलिन चाचणी उमटली तरी त्यावरून पोटाचा टीबी सिद्ध होत नाही. जंतूशी कधीतरी संबंध आल्याचं तिच्यावरून फार तर कळतं. नमुना तपासून पुरावा मिळाल्याशिवाय सहा महिन्यांचं एकेटी, म्हणजे टीबीचं औषध, सुरू करायला मी ठाम विरोध करीन.

विडालचंही तसंच. टायफॉइडमध्ये अनेक दिवस चढत जाणारा ताप असतो. ताप नसलेल्या मुलाची विडाल करून ‘1:160 पॉझिटिव्ह’ मिळवायचं आणि इंजेक्शनं द्यायची, याला अर्थ नाही. आपल्या भागात जुन्या संसर्गामुळेही हे आकडे वर असतात. खरंच टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर करावं.

सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग बराच असतो आणि या आजारात तो काही नवं सांगत नाही. अन्नाच्या ॲलर्जीचे शंभर पदार्थांचे महागडे पॅनेल, फिट येत नसताना ईईजी, दर वेळी जंताची चाचणी, ‘अपेंडिक्स काढून टाकू, म्हणजे प्रश्न मिटेल’ हा सल्ला, यातलं काहीही धोक्याच्या खुणेशिवाय मान्य करू नका. नम्रपणे एकच विचारा: ‘डॉक्टर, या तपासणीत काय शोधतोय आपण, आणि ती नॉर्मल आली तर पुढे काय बदलणार?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर ती टाळता येते.

एंडोस्कोपीला जागा आहे, पण रक्ताची उलटी बराच वेळ होत राहिली, गिळताना अडकतं किंवा मधल्या काळातही पोट दुखतं, तर. जोराच्या उमाशांनी शेवटी उलटीत रक्ताची एखादी रेष येते, ती बहुतेक वेळा घशाखालच्या ओरखड्याची असते. डॉक्टरांना दाखवा, पण तेवढ्यावरून नळी घालायची घाई नको.

चौथी पायरी: अटॅकचा कागद

निदान झाल्यावर डॉक्टरांकडून एक पानाचा कागद लिहून घ्या. तो घरात फ्रिजवर, दप्तरात आणि फोनमध्ये असू द्या. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला सगळी कथा सांगत बसण्यापेक्षा तो कागद पुढे केला की काम होतं.

बऱ्याच मुलांना उलटीआधी अर्धा-एक तास सूचना मिळते. चेहरा उतरतो, तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं, ती गप्प होतात. औषध द्यायची खरी वेळ हीच. ऑनडॅन्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी यासाठी उपयोगी. 15 ते 30 किलोच्या मुलांना ती साधारण 4 मिलिग्रॅम देतात, पण तुमच्या मुलाचा डोस आणि ती पुन्हा किती तासांनी द्यायची हे कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात असलं पाहिजे. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्या मुलांत किंवा ठोक्यांवर परिणाम करणारं दुसरं औषध चालू असताना ती विचारल्याशिवाय देऊ नये. पोटाची कळ मुख्य असेल तर सुरुवातीलाच किलोला 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन (किलोला 10 मिलिग्रॅम) चांगलं काम करतं, पण उलट्या सुरू होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मूत्रपिंडासाठी ते टाळा. मग खोलीत अंधार, पंख्याचा बेताचा वारा, टीव्ही-मोबाईल बंद, स्वयंपाकाचा वास येणार नाही अशी जागा, आणि झोप. झोप लागली की अर्धे अटॅक तिथेच आटोक्यात येतात, म्हणून ‘दूध घे, लिंबू-सरबत घे’ म्हणून उठवू नका. जागं असेल तर ओआरएस दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा.

हॉस्पिटल कधी? आठ-दहा तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, हाक मारल्यावर नीट प्रतिसाद नाही, पहिल्या औषधानंतरही दोन तास तासाला चार उलट्या चालूच आहेत, किंवा वर सांगितलेली कोणतीही धोक्याची खूण दिसली तर. काही मुलांचे अटॅक ओढूनताणून घरी निभावण्यापेक्षा लवकर सलाईन लावल्यावर लवकर संपतात. जुन्या अटॅकच्या कागदावरून ते कळेल.

आपल्या मुलीचा कागद असा आहे:

“वय 8, वजन 22 किलो. सायक्लिकल व्हॉमिटिंग सिंड्रोम. कॉन्ट्रास्ट स्टडी, अटॅकमधली सोनोग्राफी, लायपेज नॉर्मल (रिपोर्ट सोबत). नेहमीचा अटॅक: पहाटे सुरू, फिकेपणा, तासाला 4 ते 6 उलट्या, 18 ते 22 तास, ताप-जुलाब नाही. कृपया: 1) सलाईनआधी ग्लुकोमीटरने साखर, इलेक्ट्रोलाइट्स, लघवीतले कीटोन. 2) साखर जास्त नसल्यास ग्लुकोज-मिठाचं सलाईन (डीएनएस), नुसतं ग्लुकोज नको. 3) शिरेतून ऑनडॅन्सेट्रॉन. 4) शांत, अंधारी खोली, झोपू द्यावं. अटॅक नेहमीसारखा असल्यास सोनोग्राफी, विडाल, सीटी, अँटिबायोटिक नको. अटॅक वेगळा असल्यास (हिरवी उलटी, एका बाजूची कळ, ताप, गुंगी, पोट कडक) नव्याने तपासावं.”

शेवटचं वाक्य कागदावर असायलाच हवं. त्यामुळे या मुलीला उद्या खरंच अपेंडिक्स झालं तर तिचं ‘नेहमीचंच आहे’ म्हणून दुर्लक्ष होणार नाही.

अटॅक कमी कसे होतील

अटॅकच्या नोंदी एका वहीत ठेवा. तिच्यावरून तुमच्या मुलाची कारणं दोन-तीनच निघतील. तेवढ्यांवरच काम करा. चॉकलेट, चीज, चायनीज सगळं एकदम बंद करायची गरज नसते. वहीत दोनदा-तीनदा तोच पदार्थ आला तरच तो महिना-दीड महिना बंद करून बघा.

बहुतेक घरांत झोप आणि उपाशी राहणं हेच मोठे असतात. सुट्टीतही झोपायची आणि उठायची वेळ तासाभराहून जास्त सरकू देऊ नये. सकाळची शाळा असेल तर काहीतरी खाऊनच बाहेर पडावं आणि रात्री झोपताना हलकंसं खाणं द्यावं, म्हणजे पहाटेपर्यंत पोट फार रिकामं राहत नाही. लहान वयात उपवास नको. सण, लग्न, सहल यांतून मुलाला वगळू नका. रात्रीच्या प्रवासाऐवजी दिवसाची गाडी, दुपारची सक्तीची झोप, जेवण वेळेवर, आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर ऑनडॅन्सेट्रॉन जवळ. आपली मुलगी पुढच्या गणपतीत विसर्जनाला गेली, पण दुपारी दोन तास झोपून आणि रात्री नऊला परत येऊन.

महिन्याला एकापेक्षा जास्त अटॅक, वारंवार ॲडमिट होणं किंवा शाळा बुडणं असेल तर रोजचं औषध विचारा. पाच वर्षांखाली बहुधा सायप्रोहेप्टाडिन देतात. आपल्याकडे भूक वाढवायचं सिरप म्हणून ते ओळखीचं आहे. झोप येते आणि वजन वाढतं, हे त्याचे दोन त्रास. मोठ्या मुलांना रात्री ॲमिट्रिप्टिलिन लहान डोसपासून सुरू करतात आणि त्याआधी ईसीजी काढतात. ते नैराश्याचं औषध आहे हे पाकिटात वाचून पालक बंद करतात, पण इथे ते मायग्रेनसाठी आहे आणि डोसही कमी असतो. प्रोप्रॅनोलॉल हा आणखी एक पर्याय, पण दमा असलेल्या मुलाला ते देत नाहीत. कोणतंही औषध पूर्ण डोसवर दोन महिने दिल्याशिवाय लागू पडलं नाही असं ठरवू नका, आणि स्वतःहून एकदम थांबवू नका. अटॅकची वही या काळातही चालू ठेवा, कारण औषधाने अटॅक थांबले नाहीत तरी लांबले किंवा छोटे झाले का, हे तिच्यातूनच कळतं.

फाईल पुन्हा कधी उघडायची

सहा महिन्यांनी एकदा वजन-उंची मोजून आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तेव्हा नव्या तपासण्या लागत नाहीत. अटॅकची चाल बदलली तरच नव्याने शोध: मधले चांगले दिवस कमी होत चालले, अटॅक प्रत्येक वेळी जास्त लांब होऊ लागला, वजन थांबलं, शांत काळातही डोकं किंवा पोट दुखू लागलं, चालण्यात किंवा बघण्यात फरक पडला. मुलगी वयात आल्यावर अटॅक पाळीच्या तारखेशी जुळू लागले तर ती नोंदही दाखवा. त्यावर उपाय आहे. आणि दहा-बारा वर्षांच्या सुमारास पोटाचे अटॅक विरळ होऊन त्याच कारणांनी, म्हणजे जागरण, ऊन, उपाशी राहणं यांनी, डोकं दुखायला लागलं तर त्या डोकेदुखीसाठी नवी फाईल करू नका. जुन्या वहीतच पुढची ओळ लिहा आणि तीच डॉक्टरांपुढे ठेवा.